सीडीएनचं बिल: डेटा शून्य, रिक्वेस्टचे बारा हजार! (कापूस-तूर भावाचं ॲप)

कपाशी_हिंगणघाट
नमस्कार मंडळी. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, मी तिथलं संगणकाचं सगळं बघतो. म्हणजे प्रिंटरपासून ॲपपर्यंत. गेल्या हंगामात बाजार समितीतले कापूस, सोयाबीन, तुरीचे भाव दाखवणारं एक छोटं अँड्रॉइड ॲप केलं. लिलावाच्या ओट्यावर आमचा एक मुलगा उभा असतो, तो किमान, कमाल आणि सरासरी भाव टाकतो आणि त्याची एक JSON फाइल तयार होते. ती फाइल ॲमेझॉनच्या क्लाउडफ्रंट या सीडीएनवरून जाते. फाइल हेडरसकट जेमतेम दीड केबीची.

मी हिशोब असा केला होता: ६,००० शेतकरी, रोज २० मिनिटं ॲप उघडं, दर २० सेकंदांनी एक रिक्वेस्ट. म्हणजे माणशी ६० रिक्वेस्ट. बाजाराचे २६ दिवस धरले तर महिन्याला ९३ लाख ६० हजार. क्लाउडफ्रंट दर महिन्याला १ टीबी डेटा आणि १ कोटी रिक्वेस्ट कायम फुकट देतं, म्हटलं बसलं आपलं गणित काठोकाठ.

बिल आलं १२२ डॉलर ७८ सेंट. वर १८ टक्के जीएसटी. डॉलर ८८ रुपयांनी धरला तर पावणेतेरा हजार रुपये. संचालक मंडळाच्या बैठकीत मला विचारलं, "एवढं काय पाठवलंस बाबा?" मी बिल उघडून दाखवलं, तर डेटाच्या ओळीसमोर शून्य! खरंच शून्य. सगळे पैसे दुसऱ्याच एका ओळीवर होते.

कॅश हिट रेशो ९९ टक्क्यांच्या वर आहे. `Cache-Control: max-age=60` लावलेलं आहे. मग रिक्वेस्ट कशा काय मोजल्या गेल्या?

---

वणीचा_वाटसरू
क्लाउडफ्लेअरवर जा, विषय संपला. फुकट प्लॅन, बँडविड्थ अमर्याद, रिक्वेस्ट मोजतच नाहीत. मी ३ वर्षांपासून वापरतो, एक रुपया दिलेला नाही. लोक उगाच पैसे भरत बसतात.

---

आर्वीकर
वाटसरूभाऊ, जरा थांबा, तुमचं अर्धं बरोबर आहे. त्यावर नंतर येतो.

कपाशीभाऊ, ती दुसरी ओळ `IN-Requests-Tier2-HTTPS` नावाची असेल. IN म्हणजे भारतातल्या एजवरून गेलेली रिक्वेस्ट. भारतात HTTPS चा दर १०,००० रिक्वेस्टला ०.०१२ डॉलर, म्हणजे कोटीला १२ डॉलर. डेटाचा दर पहिल्या १० टीबीपर्यंत जीबीला ०.१०९ डॉलर. आता हे दोन दर एकमेकांशेजारी ठेवा. एका रिक्वेस्टच्या पैशात किती डेटा येतो? साधारण ११ केबी. म्हणजे फाइल ११ केबीहून लहान असेल तर रिक्वेस्टचा खर्च डेटाच्या खर्चापेक्षा जास्त. तुमची फाइल दीड केबीची. तुम्ही हमालाला पोत्यामागे हमाली देताय आणि पोत्यात पसाभर तूर आहे, असं समजा.

हिट रेशोचा आणि या बिलाचा काही संबंध नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. हिट झाली म्हणजे तुमच्या सर्व्हरपर्यंत रिक्वेस्ट आली नाही, एवढाच अर्थ. सीडीएनच्या दारात ती आलीच होती, आणि मोजणी दारात होते. ३०४ उत्तर गेलं तरी मोजलं जातं.

पण मला वेगळीच शंका आहे. बिलावरून उलटं मोजा. १२२.७८ भागिले १२ म्हणजे १०.२३ कोटी, त्यात फुकटची १ कोटी मिळवा. ११.२३ कोटी झाल्या. तुमच्या अंदाजाच्या बरोबर १२ पट. २० मिनिटांच्या जागी ४ तास. माणूस ४ तास भाव बघत बसत नाही. ॲप मागे चालू राहतंय का?

---

दिग्रसचे_मास्तर
माझंही हेच दुखणं आहे! मी दहावी-बारावीचे गणिताचे तास रेकॉर्ड करून टाकतो. ४० मिनिटांचा एक व्हिडिओ, ४८०p मध्ये अंदाजे २५० एमबी. ४०० मुलं, महिन्याला २० तास. मला पण रिक्वेस्ट कमी करायला हव्यात का? व्हिडिओचे ६-६ सेकंदांचे तुकडे होतात म्हणे, ते १० सेकंदांचे केले तर बिल कमी होईल?

---

आर्वीकर
मास्तर, तुमचं दुखणं नेमकं उलटं आहे. ८,००० वेळा व्हिडिओ बघितला गेला, गुणिले पाव जीबी, म्हणजे २ टीबी. ४० मिनिटांचे ६ सेकंदांचे ४०० तुकडे, गुणिले ८,०००, म्हणजे ३२ लाख रिक्वेस्ट. त्या फुकटच्या १ कोटीत सहज बसतात. तुकडे १० सेकंदांचे केले तर बिलात एक पैसा फरक पडणार नाही. तुमचा खर्च फुकटच्या १ टीबीनंतरच्या डेटाचा आहे, शंभराहून जास्त डॉलर. तुम्ही जीबीमागे स्वस्त दर बघा. बनी नावाच्या सीडीएनचा आशियाचा दर जीबीला ०.०३ डॉलर आहे आणि रिक्वेस्टचे वेगळे पैसे नाहीत. २ टीबीचे साधारण ६० डॉलर होतात.

आणि क्लाउडफ्लेअरच्या फुकट प्लॅनमागे हे व्हिडिओ लावू नका. त्यांच्या सीडीएनच्या अटींत लिहिलंय की व्हिडिओ आणि मोठ्या फाइलींसाठी त्यांचीच स्ट्रीम किंवा R2 यांसारखी विकत सेवा घ्यायची. बँडविड्थ अमर्याद म्हणतात ती वेबसाइटची.

---

दिग्रसचे_मास्तर
बरं. ३६० p केलं तर? नको, फळ्यावरचं खालचं सूत्र दिसत नाही मग. बघतो.

---

संत्राबाग_वरूड
मी काही इंजिनेर नाही बाप्पा, पण ते ॲप माझ्या मोबाईलमधी आहे. सांगू का, बॅटरीच्या यादीत ते सगळ्यात वर दिसते मले. व्हॉट्सॲपच्याही वर. वरच्या पट्टीत "कापूस आजचा भाव" असं लिहून राहते न, ते काही जात नाही. पोराने सांगितलं का ॲप बंद केलं तरी ते चालूच असते. मी तं मोबाईल शेतात झाडाले टांगून ठेवतो, दुपारपर्यंत अर्धी बॅटरी साफ.

---

कपाशी_हिंगणघाट
काका, तुम्ही माझं काम केलंत. सापडलं.

ती पट्टी मीच लावली होती. लोकांनी मागितली होती: ॲप न उघडता भाव दिसावा. त्यासाठी फोरग्राउंड सर्व्हिस केली आणि तोच २० सेकंदांचा टायमर तिच्यात टाकला. ॲप बंद केलं तरी सर्व्हिस चालूच. फोन झाडाला टांगलेला असो की खिशात, भाव विचारणं सुरूच. लिलाव चालू असो नसो.

आणि दुसरा घोटाळा: `max-age=60` असताना ॲपने मिनिटाला एकदाच विचारायला हवं होतं ना? २० सेकंदांनी टायमर वाजला तरी दोनदा फोनमधल्याच प्रतीतून उत्तर मिळायला हवं. तसं झालेलं दिसत नाही. का?

---

आर्वीकर
OkHttp वापरताय ना? त्याची कॅश आपोआप चालू नसते. तुम्ही सांगितल्याशिवाय ती फोनमध्ये काहीच ठेवत नाही, `max-age` वाचून सोडून देते.

```kotlin
val client = OkHttpClient.Builder()
    .cache(Cache(File(cacheDir, "http"), 2L * 1024 * 1024))
    .build()
```

एवढंच. २ एमबी पुष्कळ झाली. फोनमधून मिळालेलं उत्तर सीडीएनच्या दारात जातच नाही. बिल कमी करणारी कॅश ही एकच, बाकीची सगळी सर्व्हरचा भार कमी करते.

पण मुळात २० सेकंद कशाला? दिवसात भाव बदलतो किती वेळा?

---

कपाशी_हिंगणघाट
१५ ते २०. आवक जास्त असली तर २५. आमचा पोरगा चहाला गेला की अर्धा तास काहीच नाही.

---

आर्वीकर
मग झालं की. पट्टीतला टायमर काढून टाका. भाव बदलला की सर्व्हरने FCM, म्हणजे गूगलच्या पुश सेवेच्या टॉपिकवर एक संदेश पाठवायचा, त्याला पैसे लागत नाहीत. दीड केबीतल्या तीन ओळी त्या संदेशातच मावतात, फाइल आणायचीही गरज नाही. ॲप प्रत्यक्ष उघडलं असेल तेव्हाच ५ मिनिटांनी विचारा.

---

पुसदचा_शिकाऊ
दोन बाळबोध प्रश्न. क्लाउडफ्रंटमध्ये प्राइस क्लास १०० निवडला तर भारताचा महागडा दर लागत नाही असं वाचलं. आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी ठरावीक रकमेचे प्लॅन आणले, १५ डॉलरमध्ये ५० टीबी मिळतात. ५० टीबी! मग कपाशीदादांनी तोच का घेऊ नये?

---

मूर्तिजापूरची
प्राइस क्लास १०० मध्ये भारतातली एज येतच नाहीत. युरोप-अमेरिकेतून उत्तर येणार. अमेरिकेचा दर कोटीला १० डॉलर, पण युरोपचा भारताइतकाच, १२. कपाशीदादांचे १२२ चे फार तर १०२ झाले असते आणि प्रत्येक रिक्वेस्ट समुद्र ओलांडून गेली असती.

ठरावीक प्लॅनचं म्हणशील तर ५० टीबीकडे बघूच नकोस, शेजारचा आकडा बघ. १५ डॉलरच्या प्लॅनला महिन्याला १ कोटी रिक्वेस्ट आहेत. त्यापुढचा २०० डॉलरचा, त्याला साडेबारा कोटी. टीबी दोन्हींकडे तेवढेच, ५०. किंमत रिक्वेस्टवरून ठरलेली आहे. ११ कोटींसाठी २०० चा घ्यावा लागला असता, म्हणजे आत्ताच्या बिलापेक्षा महाग. जादा वापराचं बिल अचानक येत नाही, हा फायदा खरा. मास्तरांना मात्र १५ चाच पुरेल. २ टीबी आणि ३२ लाख रिक्वेस्ट, दोन्ही आत. आर्वीकरकाका, ६० पेक्षा हे बरं नाही का?

---

आर्वीकर
बरोबर आहे ताई. माझ्या लक्षातच आलं नाही. मास्तर, हे आधी बघा.

---

वणीचा_वाटसरू
माझं अर्धं बरोबर म्हणालात आणि उरलेलं अर्धं सांगितलंच नाही. क्लाउडफ्लेअरवर रिक्वेस्टचे पैसे लागतच नाहीत, तर एवढी मेहनत का?

---

आर्वीकर
सांगतो. रिक्वेस्टचे पैसे नाहीत हे खरं. पण क्लाउडफ्लेअर आपणहून JSON कॅश करत नाही. चित्रं, सीएसएस, जेएस असल्या ठरावीक फाइलींचीच करतं. तसंच सोडलं तर ११ कोटी रिक्वेस्ट थेट कपाशीभाऊंच्या सर्व्हरवर. कॅश रूल लावावा लागतो. आणि मध्ये वर्कर टाकलात तर तो प्रत्येक रिक्वेस्टला चालतो, कॅशमध्ये असली तरी. फुकट वर्करची मर्यादा दिवसाला १ लाख. यांच्या रोजच्या ४३ लाख होत्या, सकाळचा लिलाव संपायच्या आतच मर्यादा संपली असती.

---

वणीचा_वाटसरू
कॅश रूल मी लावला आहे. पण एक खरं सांगतो, त्यात मी एकदा तोंडघशी पडलोय. एज टीटीएल निवडायला गेलो तर फुकट प्लॅनवर कमीत कमी २ तास. तेच ठेवलं. आमच्या बसच्या वेळापत्रकाच्या पानावर २ तास जुनी माहिती दिसत होती आणि लोक स्टँडवर ताटकळत. १ सेकंदापर्यंत खाली यायचं तर बिझनेस प्लॅन, म्हणजे वर्षाचे पैसे एकदम भरले तर महिना २०० डॉलर.

---

मूर्तिजापूरची
ती २ तासांची अट तुम्ही डॅशबोर्डमध्ये स्वतः आकडा टाकलात तर आहे. रूलमध्ये "ओरिजिनचा हेडर पाळा" हा पर्याय निवडा आणि सर्व्हरवरून `s-maxage=60` पाठवा. फुकट प्लॅनवरही ६० सेकंद पाळले जातात.

---

वणीचा_वाटसरू
आं! ३ वर्षं झाली की.

---

कपाशी_हिंगणघाट
आता दुसरी गोष्ट, तीही इथेच विचारतो. एक जिनिंगवाले आमच्याकडून भावाची माहिती घेऊ इच्छितात. पैसे देणार आहेत. त्यांच्या ऑफिसातून एक यादी आली: प्रत्येक रिक्वेस्टचे कच्चे लॉग, लेखी अपटाइम, आणि भाव बदलल्यावर फक्त त्या पिकाची कॅश साफ करता यावी. मी एका विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "हे सगळं एंटरप्राइझमध्ये येतं, वर्षाचा करार करा." दर विचारला तर आधी मीटिंग. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न: महिन्याला किती टीबी? मी म्हटलं ०.१७. पलीकडे शांतता.

---

मूर्तिजापूरची
दादा, ही यादी एकदम घेऊ नका, एकेक कलम सोडवा.

पिकानुसार कॅश साफ करणं, म्हणजे कॅश टॅग. क्लाउडफ्लेअरवर पूर्वी हे फक्त एंटरप्राइझला होतं, एप्रिल २०२५ पासून सगळ्या प्लॅनना दिलंय. विक्रेत्याची माहिती जुनी आहे किंवा त्याला ती जुनीच बरी वाटते. आणि तुमच्या तीन पिकांसाठी टॅगही नको. तीन वेगळ्या फाइली करा. क्लाउडफ्रंटवर महिन्याला पहिले १,००० पाथ फुकट साफ करता येतात. दिवसाला २५ बदल, २६ दिवस, ६५० झाले.

कच्चे लॉग: क्लाउडफ्लेअरवर लॉगपुश अजूनही एंटरप्राइझचं आहे. पण तुम्ही क्लाउडफ्रंटवर आहात, तिथे स्टँडर्ड लॉग कुणालाही S3 मध्ये टाकता येतात, फक्त S3 चं भाडं. म्हणजे एकाकडे ज्यासाठी करार लागतो ते दुसऱ्याकडे एका टिचकीवर मिळतं. म्हणून "एंटरप्राइझ फीचर" असं सरसकट काही नसतं, कुणाचं ते विचारायचं.

राहिला लेखी अपटाइम. इथे मात्र वाद आहे. क्लाउडफ्रंटचा जाहीर एसएलए ९९.९ टक्क्यांचा आहे, मोडला तर बिलात सूट मिळते. तुमच्या जिनिंगवाल्यांना ती सूट मिळणार नाही, तुम्हाला मिळणार, आणि तुमचं बिलच आता शून्याच्या जवळ जाणार.

---

आर्वीकर
ताईंशी सहमत, फक्त एक जोडतो. क्लाउडफ्रंटकडे खास दर मागायचा तर साधारणपणे महिन्याला १० टीबी किंवा जास्त वापराचं वचन द्यावं लागतं. ०.१७ टीबीवाल्याला तो दरवाजा नाहीच. आणि असा करार कुणी पुढे केलाच तर तीन गोष्टी लिहून घ्या: बांधिलकी टीबीची आहे की रिक्वेस्टची, न वापरलेलं पुढच्या महिन्यात जातं की बुडतं, आणि वर गेलं तर कोणत्या दराने. पहिला प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यात मोठा. टीबीत करार केलात आणि रिक्वेस्ट वेगळ्या मोजल्या, तर पुन्हा हीच बैठक आणि पुन्हा हाच प्रश्न.

---

पुसदचा_शिकाऊ
पण जिनिंगवाल्यांनी एसएलए मागितला आहे तर द्यावा लागेलच ना? लेखी काही नसेल तर ते पैसे का देतील?

---

मूर्तिजापूरची
सीडीएन ९९.९ टक्के चालू असेल हो. ओट्यावरचा मुलगा चहाला गेला तर त्याचा एसएलए कोण देणार?

---

कपाशी_हिंगणघाट
(१९ दिवसांनी) हकीकत कळवतो. नवी आवृत्ती टाकली: OkHttp ची कॅश, पट्टी FCM वर, ॲप उघडं असताना ५ मिनिटांनी विचारणा. नव्या आवृत्तीवर माणशी दिवसाला ८ रिक्वेस्ट पडतात, आधी ७२० होत्या. संत्राबागकाकांनी फोन करून सांगितलं, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते.

पण सगळे अपडेट करत नाहीत. कन्सोलमधल्या आकड्यांवरून अजून अंदाजे १,२०० फोनवर जुनी आवृत्ती आहे. त्यांच्याच महिन्याला सव्वादोन कोटी रिक्वेस्ट होतील. नव्यांच्या १० लाख मिळवून, फुकटची १ कोटी वजा करून, १६ डॉलर. त्यांना ॲमेझॉनच्या WAF या फायरवॉलने अडवावं का? अडवलेल्या रिक्वेस्टचे क्लाउडफ्रंट पैसे घेत नाही म्हणतात.

---

आर्वीकर
नाही घेत, ऑक्टोबर २०२४ पासून. पण WAF घेतं. ACL चे ५, नियमाचा १, आणि दर १० लाख रिक्वेस्टला ६० सेंट. सव्वादोन कोटींचे साडेतेरा. एकूण साडेएकोणीस डॉलर देऊन १६ वाचवाल, आणि १,२०० शेतकऱ्यांचा भाव बंद होईल तो वेगळाच.

---

वणीचा_वाटसरू
मग जुन्या ॲपचा पत्ता तेवढा क्लाउडफ्लेअरच्या फुकट प्लॅनवर वळवा! नव्या ॲपला नवीन सबडोमेन द्या. आता तर मला `s-maxage` पण येतं.

---

कपाशी_हिंगणघाट
विचार केला होता. डोमेन संस्थेच्या नावावर आहे आणि नेमसर्व्हर वेबसाइट बनवणाऱ्याकडे. तो हलवू देत नाही. एकटं सबडोमेन न्यायचं तर CNAME जोडणीला बिझनेस प्लॅन, सबडोमेनचा वेगळा झोन करायचा तर एंटरप्राइझ. १६ डॉलर वाचवायला २००.

---

मूर्तिजापूरची
क्लाउडफ्लेअर फॉर सास बघितलंत? एक स्वस्तातलं दुसरं डोमेन फुकट प्लॅनवर घ्यायचं, तुमचं जुनं सबडोमेन त्यात कस्टम होस्टनेम म्हणून टाकायचं आणि जुन्या DNS मध्ये फक्त एक CNAME बदलायचा. १०० होस्टनेमपर्यंत पैसे नाहीत. नेमसर्व्हरला हात लागत नाही. फक्त बदलल्यावर गावातल्या फोनवरून `/cdn-cgi/trace` उघडून बघा. `colo=NAG` आलं तर नागपूर, `BOM` मुंबई, `SIN` आलं तर सिंगापूर. ते नेटवर्क कंपनीवर आणि प्लॅनवर अवलंबून असतं.

---

आर्वीकर
हे चालायला हवं. पण जुन्या ॲपमध्ये सर्टिफिकेट पिन केलंय का ते आधी पाहा. केलं असेल तर CNAME बदलताच ते १,२०० फोन एका दमात गप्प होतील.

---

कपाशी_हिंगणघाट
पिन केलंय की नाही ते आठवत नाही. जुना कोड घरच्या लॅपटॉपवर आहे, आज लाइन नाही. उद्या बघून सांगतो.

---

संत्राबाग_वरूड
ते सगळं ठीक आहे. पण पट्टीत तुरीचा भाव काहून दिसून नाही राहिला? कापसाचाच येते.

---

कपाशी_हिंगणघाट
काका, टॉपिकचं नाव चुकलं असेल माझ्याकडून. बघतो लगेच.